आधी स्वतःविषयी

पीएचडीच्या मौखिक परीक्षेत अध्यक्ष म्हणतात, ‘थोडं स्वतःविषयी सांगा,’ आणि उमेदवार दहावीच्या टक्क्यांपासून सुरुवात करतो. बहिःस्थ परीक्षकाने प्रबंध वाचलेला असतो. तो लिहिणारा कुठून आला, हे मात्र त्याला पानांतून नीट कळलेलं नसतं. समजा, लासलगावच्या कांदा लिलावावर अर्थशास्त्राचा प्रबंध आहे. तिथे दोन मिनिटांत एवढं पुरे: ‘पदवी कृषीची, अर्थशास्त्र एम.ए.पासून, म्हणून गणिती प्रारूपाऐवजी लिलावाच्या निरीक्षणावर भर दिला. घरचा कांदा याच बाजारात जातो, त्यामुळे आमचे अडते मुलाखतींतून वगळले.’ आता ‘तुम्ही तटस्थ होता का?’ हा ढोबळ प्रश्न मागे पडतो आणि परीक्षक विचारतो, त्यांना वगळल्याने निष्कर्ष कुठे झुकला? हा प्रश्न अवघड, पण उत्तर उमेदवाराकडेच असतं. (मार्गदर्शकांचे आभार प्रबंधात छापलेले आहेत, ते इथे पुन्हा नकोत.) फक्त ओघात ‘संख्याशास्त्राचाही अभ्यास केलाय’ असं म्हणू नये. तसं म्हटलं, की प्रबंधात एकही चाचणी नसली, तरी पुढचा अर्धा तास नमुना निवडीवरच जातो.