गोंधळ किती दिवसांत वाढला, ते आधी सांगा

घरातलं वयस्क माणूस विसरायला लागलं की आपण पटकन म्हणतो, "वय झालं आता." कुपात होलिममधला डॉक्टरही कधीकधी तेच म्हणतो, फक्त हिब्रूत. माझं म्हणणं एवढंच आहे की विसरणं दोन वर्षांत आलं की दोन महिन्यांत, हा प्रश्न विचारल्याशिवाय हे वाक्य कुणी उच्चारू नये. हे मी का म्हणते, ते एका बाईंच्या हकिकतीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

बाई एकसष्ट वर्षांच्या. घर सांभाळणाऱ्या, हिशेबाला पक्क्या, हिब्रू आणि मराठी दोन्ही फर्डं बोलणाऱ्या. सणांच्या नंतर त्यांचे हात थरथरू लागले. शब्बाथच्या मेणबत्त्या लावताना काडी दोनदा विझली, म्हणून मुलीच्या लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात त्या रोजच्या दुकानातून घरी येताना रस्ता चुकल्या. मग चार दिवस अगदी ठीक. मग पुन्हा गोंधळ. एका सकाळी अर्धा तास तोंडातून शब्द फुटेना. मियूनमध्ये नेलं तोवर बोलू लागल्या होत्या. मेंदूचा सीटी स्वच्छ आला. तात्पुरता झटका असेल, असं सांगून अॅस्पिरिन देऊन घरी पाठवलं.

या काळात त्यांचं हिब्रू गेलं होतं. डॉक्टर हिब्रूत विचारत आणि बाई मराठीत तुटक उत्तर देत. कागदावर नोंद झाली की भाषेच्या अडचणीमुळे नीट तपासता आलं नाही. चाळीस वर्षं हिब्रू बोलणारी बाई! आपल्या लोकांच्या बाबतीत ही चूक सहज होते, कारण समोरच्याला वाटतं की आजीला भाषा येतच नसेल. खरं तर गेलेली भाषा हेच मोठं लक्षण होतं. मुलीने ते त्याच दिवशी ठणकावून सांगायला हवं होतं. पण तिला तरी ते कसं सुचावं?

तीन आठवड्यांनी बाईंना फिट आली आणि त्या दाखल झाल्या. यावेळी तरुण न्यूरॉलॉजिस्टने मुलीला बसवून तारीखवार विचारलं. दोन महिन्यांत एवढी घसरण, मधले चांगले दिवस, हातांना बसणारे बारीक हिसके आणि फिट, हे सगळं ऐकून तो म्हणाला की साधा अल्झायमर असा धावत येत नाही. एमआरआय वयाच्या मानाने ठीक होता. मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, मंदावलेला होता. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात पेशी जवळजवळ नव्हत्या, पण प्रथिन वाढलेलं होतं. रक्तातलं सोडियम आणि यकृताच्या तपासण्या बरोबर होत्या, हर्पिसच्या विषाणूचा शोध नकारार्थी आला. टीएसएच किंचित वर. आणि थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटी-टीपीओ, हजाराच्या वर. त्या प्रयोगशाळेची मर्यादा 35.

या दुखण्याला हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. हाशिमोटो या जपानी शल्यवैद्याने 1912 साली गळ्यातल्या ग्रंथीचा आजार वर्णन केला. 1966 मध्ये लॉर्ड ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच ग्रंथीच्या रुग्णाला वारंवार झटक्यासारखे प्रकार होत असल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. (मेंदूच्या डॉक्टरचं आडनावच ब्रेन, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.) यात थायरॉईड कमी पडल्यामुळे मेंदू बिघडत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून मेंदूवर उलटते, त्यामुळे थायरॉक्सिनची गोळी वाढवून हा गोंधळ जात नाही. स्टेरॉइडने सूज उतरते. आजार फार विरळ आहे आणि बायकांत जास्त दिसतो.

आता दुसरी बाजू, आणि माझा राग इथेही आहे. ही हकीकत ऐकून कुणी उद्या अँटी-टीपीओ करून घेईल, आकडा वर येईल आणि घरात हाहाकार माजेल. ही प्रतिद्रव्यं दर शंभर निरोगी माणसांत दहा-बारा जणांच्या रक्तात सापडतात, वयस्क बायकांत त्याहून जास्त. आकडा मोठा म्हणून मेंदूचा आजार मोठा, असंही नाही. ती प्रतिद्रव्यं स्वतः मेंदूला इजा करतात, याचा पुरावा नाही. ती फक्त दारावरची पाटी आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2021 मध्ये, हाच आजार असावा म्हणून पाठवलेल्या रुग्णांचा आढावा छापला. जवळपास तीन-चतुर्थांश लोकांना भलतंच काही निघालं: कुणाला मानसिक त्रास, कुणाला झोपेचा, कुणाला खरोखरीचा स्मृतिभ्रंश. माझ्या ओळखीतल्या एका तरुण आईला "डोकं जड, लक्ष लागत नाही" म्हणून स्टेरॉइड हवं होतं, कारण तिचा आकडा चारशे होता. तिचा ईईजी स्वच्छ होता, शुद्ध हरपली नव्हती, फिट नव्हती. तपासात झोपेत श्वास अडकत असल्याचं निघालं. डॉक्टरने स्टेरॉइड नाकारलं, ते योग्यच केलं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी एमआरआय आणि पाठीचं पाणी, मग स्टेरॉइड. उलटं केलं तर मेंदूतला लिम्फोमा नावाचा कर्करोगही स्टेरॉइडने काही दिवस आक्रसतो, सगळे खूश होतात आणि निदान हुकतं. मेंदूच्या पेशींविरुद्धची इतर प्रतिद्रव्यंही रक्तात आणि पाण्यात शोधावी लागतात, कारण ती सापडली तर आजाराचं नाव बदलतं आणि कधी शरीरात लपलेली गाठ शोधावी लागते. हे निकाल यायला वेळ लागतो. रुग्ण घसरत असेल आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली असेल, तर नमुने पाठवून उपचार सुरू करतात.

बाईंचं तसंच झालं. शिरेतून रोज एक ग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोन, पाच दिवस. चौथ्या दिवशी त्यांनी मुलीला विचारलं, "अगं, आज वार कोणता? घरी मेणबत्त्या कोण लावतंय?" दोन आठवड्यांनी इतर प्रतिद्रव्यांचे निकाल नकारार्थी आले. सगळ्यांचं असं होत नाही. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी 2020 मध्ये पाहिलं तेव्हा, निकषांत बसणाऱ्या रुग्णांपैकीही साधारण तिसरा हिस्साच स्टेरॉइडने सुधारला होता.

घरी आल्यावर रोज 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोन, मग महिन्यांमागून महिने थोडं थोडं कमी. साखर अडीचशेच्या वर गेली, रात्रीची झोप उडाली, आणि मुलगी म्हणाली की आई चिडकी झाली आहे. आपल्यापैकी जे भारतात वाढले त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लांबचं स्टेरॉइड घेण्याआधी जुना, सुप्त क्षय आणि कावीळ-बी तपासायला सांगायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. बाईंचा डोस 15 वर आला तेव्हा चहाचा कप पुन्हा बशीवर खडखडू लागला. मुलीने वहीत तारीख लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. डोस वाढवला, जोडीला अझॅथायोप्रिन दिलं, आणि या वेळी दवाखान्यात राहावं लागलं नाही.

ती वही मी पाहिली आहे. दर दिवसाला एक ओळ: हात कसे, रात्री झोपली का, हिब्रूत बोलली का.