गोळी घेतली, मग चाचणी कधी?

भेस्तानमध्ये घरी साड्यांना लेस लावणाऱ्या एका वहिनींचा प्रश्न आज घेते. मी नर्स, म्हणून अशा गोष्टी बायका माझ्याजवळ मोकळेपणाने बोलतात.

वहिनींची पाळी २८ दिवसांची, १ मार्चला आलेली. १० मार्चच्या रात्री निरोध फाटला. ११ ला सकाळी त्यांनी मेडिकलमधून ७२ तासांची गोळी आणून घेतली. १७ ला थोडे डाग दिसले. २० ला घरी चाचणी केली, एकच रेघ आली. पण २९ ला पाळी आलीच नाही आणि त्या घाबरल्या. “ताई, गोळी फुकट गेली का हो?”

आधी पाळीचं बघू. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. वहिनींचं बीज १५ मार्चच्या सुमारास सुटलं असतं, ते गोळीमुळे काही दिवस पुढे गेलं असावं. बीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, म्हणून तीही पुढे सरकली. पाळी संपल्यासंपल्या गोळी घेतली, तर उलट ती लवकरही येऊ शकते. बहुतेकींची पाळी ठरल्या तारखेच्या आठवडाभर मागेपुढे येते. मधले डाग म्हणजे पाळी नव्हे, ते धरून निश्चिंत होऊ नका.

आता चाचणी. कार्डावर दुसरी रेघ उमटते ती गर्भ पिशवीत रुजल्यानंतर तयार होणाऱ्या हार्मोनमुळे. पुरुषाचं बीज शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतं, मग गर्भ धरायला आणि रुजायला आणखी दिवस लागतात. म्हणून दहाव्या दिवसाच्या एका रेघेवरून काहीच कळत नाही. संबंधाच्या दिवसापासून २१ दिवस मोजा. वहिनींची तारीख ३१ मार्च. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीने चाचणी केली, एकच रेघ आली आणि ४ एप्रिलला पाळीही आली.

इथे एक गोष्ट निसटते. गोळी पुढच्या संबंधांना संरक्षण देत नाही. उलट बीज लांबल्यामुळे नंतरचे दिवसच जोखमीचे होतात. समजा २२ मार्चला पुन्हा निरोधाशिवाय संबंध आला असता, तर मोजणी तिथून सुरू झाली असती आणि चाचणीची तारीख १२ एप्रिल झाली असती.

पाळी आठवड्याहून जास्त लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तरी चाचणी कराच. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली असेल, तर लगेच विचारून पुन्हा घ्यावी लागते. आणि ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखलं, चक्कर आली, तर रेघेची वाट न बघता दवाखाना गाठा, कारण गर्भ नळीत अडकलेला असू शकतो.

कॅलेंडरवर दोन तारखा लिहून ठेवा: शेवटच्या असुरक्षित संबंधाची आणि त्यानंतरच्या २१ व्या दिवसाची.