एका दिवसाने हुकलेली भरपाई : बार्शी लाईट रेल्वे आणि पंधरा दिवसांचा हिशेब

१/ नारायणगावच्या एखाद्या पॅकिंग शेडमधून दहा-बारा वर्षांचा कामगार कमी होतो, तेव्हा ‘महिन्याचा पगार जादा दिला, आणखी काय हवे?’ असे मालक सहज म्हणून जातो. या वाक्यात दोन भिन्न देणी एकत्र कालवली आहेत. ती वेगळी का आहेत, हे बार्शी लाईट रेल्वेच्या प्रकरणातून समजते. मात्र ते प्रकरण पुस्तकांत जसे सुखान्त सांगतात, तसे ते नाही.

२/ आधी हिशेब. समजा, कामगाराचा सरासरी पगार महिना १८,००० रुपये आणि सलग सेवा ११ वर्षे ७ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून १२ वर्षे. पंधरा दिवसांचे ९,०००. बारा वर्षांचे १,०८,०००. महिन्याची लेखी नोटीस दिलेली नसेल तर तिच्या बदल्यात आणखी १८,०००. एकूण १,२६,०००. ग्रॅच्युइटी याहून निराळी. ग्रॅच्युइटीत महिन्याचे २६ दिवस धरतात, इथे ३०. या दोन भागाकारांची गल्लत नेहमी होते.

३/ नोटिशीचा पगार पुढच्या महिन्यासाठी आहे, दुसरे काम शोधायला मिळणारा अवधी म्हणून. पंधरा दिवसांची भरपाई मागच्या वर्षांवर मोजली जाते. म्हणून पहिले दिल्याने दुसरे फिटत नाही.

४/ आता बार्शी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर जोडणारी ही अरुंद रुळांची रेल्वे एका खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घ्यायची ठरले, आणि कंपनीने सर्व कामगारांना ३१ डिसेंबर १९५३ पासून सेवा संपल्याची नोटीस दिली. औद्योगिक विवाद कायद्यातले भरपाईचे कलम, २५-फ, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचे होते. त्याचा अंमल २४ ऑक्टोबर १९५३ पासूनचा. नोटीस मिळालीच होती. कामगारांनी मागितली ती भरपाई.

५/ मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी तो निर्णय फिरवला. न्यायालयाचे म्हणणे असे की, कामगार-कपात म्हणजे चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे. धंदाच बंद झाला वा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. कायद्याच्या व्याख्येत मात्र ‘कोणत्याही कारणास्तव’ असे स्पष्ट शब्द होते. शब्दाचा रूढ अर्थ लावण्याच्या भरात तेच निष्प्रभ झाले. एक माणूस काढला तर भरपाई आणि सगळेच काढले तर काही नाही, असा त्याचा परिणाम.

६/ इथे पुस्तके म्हणतात : संसदेने १९५७ मध्ये चूक सुधारली. हस्तांतरासाठी २५-फफ नव्याने लिहिले आणि बंदीसाठी २५-फफफ घातले. खरे आहे. पण अंमलाची तारीख वाचा : २८ नोव्हेंबर १९५६. निकालाचा दुसरा दिवस! म्हणजे ज्यांच्या खटल्यामुळे दुरुस्ती झाली, तेच बार्शीचे कामगार तिच्याबाहेर राहिले.

७/ ‘पूर्वलक्षी कायदा करता आला नसता’ हे समर्थन टिकत नाही. १९५७ च्या कायद्याला १९५६ ची तारीख दिली, ती पूर्वलक्षीच होती. मग २४ ऑक्टोबर १९५३ का नाही? जुन्या बंद्यांची देणी मालकांच्या अंगावर आली असती, हे उत्तर समजते. पण ते मालकांच्या सोयीचे उत्तर आहे; त्याला कायद्याचे तत्त्व म्हणू नये.

८/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार : बहुतेकांना सरकारी रेल्वेत काम मिळाले, मग भरपाई कशाची? याचे उत्तर २५-फफ मध्येच आहे. नव्या मालकाकडे भरपाई माफ व्हायला तीन अटी आहेत : सेवा अखंड राहिली पाहिजे, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसाव्यात, आणि पुढे कपात झालीच तर जुनी वर्षे धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतली पाहिजे. नुसती नोकरी मिळणे पुरेसे नाही. वर्षे सोबत गेली पाहिजेत.

९/ मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयातील सेवकांच्या प्रकरणात १९६० साली आणखी एक गोष्ट ठरली : कपातीत भरपाई त्याच वेळी हातात पडली पाहिजे, नाहीतर कपातच अवैध. ‘नंतर बघू’ चालत नाही.

१०/ पुढे १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ‘कोणत्याही कारणास्तव’ या शब्दांना त्यांचा विस्तृत अर्थ परत दिला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही सूत्र पंधरा दिवसांचेच आहे. पॅकिंग शेड लहान आहे म्हणून कपातीच्या भरपाईतून सुटत नाही. पन्नास कामगारांची मर्यादा ले-ऑफच्या तरतुदींना आहे. तेव्हा हिशेबाच्या कागदावर नोटिशीचा पगार आणि सेवेची भरपाई अशा दोन स्वतंत्र ओळी आहेत का, ते सही करण्यापूर्वी पाहावे.