विश्लेषण : डोक्यावर नागफणा, पण मूर्ती कोणाची? हात आणि उभे राहण्याची ढब काय सांगते?

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या या कामात बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि त्याच्या कठड्याचे कोरीव स्तंभ मिळाले. त्यांपैकी एका स्तंभावर फणे उभारलेला नाग आहे. तो एका आसनावर छत्र धरून आहे आणि ते आसन रिकामे आहे. हा स्तंभ आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्तीची मुद्रा पाहून देव ओळखावा, असे सर्रास सांगितले जाते. पवनीच्या या शिल्पात मुद्रा पाहायला हातच नाहीत. तरीही तो प्रसंग कोणता, याबद्दल अभ्यासकांत शंका राहिलेली नाही.

पवनीचे रिकामे आसन काय सांगते?

ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानस्थ बसले असताना अकाली पाऊस आला आणि तो सात दिवस थांबला नाही. तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने त्यांच्याभोवती वेटोळे घालून डोक्यावर फणा धरला, अशी कथा आहे. पवनीचे शिल्प इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले. त्या काळात बुद्धांना मनुष्यरूपात दाखवत नसत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धर्मचक्र, पाऊलखुणा यांवरून ते तिथे आहेत हे समजून घ्यायचे. सोबत नागाचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे, त्यामुळे वाद उरत नाही.

भारहूत-सांचीच्या अशा शिल्पपटांत हात असतात, पण ते भक्तांचे. जोडलेले हात ज्या दिशेला वळलेले, तिथे पूज्य कोण ते शोधायचे. म्हणजे मुद्रा तेव्हाही वाचावी लागत होती, फक्त ती देवाची नव्हती. मथुरा आणि गांधार येथे बुद्धांच्या मानवी मूर्ती सर्रास घडू लागल्या त्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास. त्यानंतर हाताला बोलते केले गेले आणि इथूनच खरा गोंधळही सुरू झाला. नागफणा डोक्यावर घेतलेली मूर्ती आता एकट्या बुद्धांची राहिली नाही.

नागफण्याचे दावेदार किती?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीत हे एकाच गावात पाहता येते. तिथे भद्रनागाचे मंदिर आहे, पार्श्वनाथांचे जैन मंदिर आहे आणि विजासनची बौद्ध लेणीही आहेत. विदर्भात नाग कोरलेला दगड दिसला की गावकरी त्याला नागोबा म्हणतात आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. पण फण्याखाली माणसाचे रूप असेल तर निदान चार शक्यता तपासाव्या लागतात. नागराज स्वतः, कृष्णाचा थोरला भाऊ बलराम, मुचलिंदासह बुद्ध, किंवा तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ. त्यातही सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांनाही फणे असतात. साधारणपणे पार्श्वनाथांना सात आणि सुपार्श्वनाथांना पाच, असा संकेत आहे. मात्र तो सगळीकडे पाळलेला नाही.

फण्यांची संख्या मोजून निकाल लावणारे इथेच फसतात. उपयोगी पडतो तो शरीराचा ताठपणा किंवा बाक, आणि हातांची जागा.

तीर्थंकर ओळखण्याची खात्रीची खूण कोणती?

तीर्थंकरांना दोनच अवस्था आहेत. बसलेले असतील तर पद्मासन किंवा अर्धपद्मासन आणि मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. उभे असतील तर कायोत्सर्ग. पाय सरळ, शरीर ताठ, दोन्ही हात गुडघ्यांच्या दिशेने सरळ खाली सोडलेले, पण अंगाला न टेकलेले. कायोत्सर्ग म्हणजे देहाची आसक्ती सोडणे, आणि लोंबणारे हात तेच सांगतात. तीर्थंकर आशीर्वाद देत नाहीत, वर देत नाहीत, शस्त्र धरत नाहीत. म्हणून हात वर उचललेला दिसला की ती मूर्ती तीर्थंकरांची नाही, एवढे ठामपणे म्हणता येते. मूर्तीशास्त्रात इतके पक्के नियम फार थोडे आहेत.

उलट, उचललेला हात पाहून ‘अभयमुद्रा आहे, म्हणजे अमुक देव’ असे म्हणणे चूक. अभय विष्णूला आहे, शिवाला आहे, गणपतीला आहे, देवीला आहे, बुद्धांनाही आहे. मुद्रा ही बहुधा देव काय करतो आहे ते सांगते, तो कोण ते नाही. अपवाद आहेत. पद्मासनात बसून उजव्या हाताच्या बोटांनी जमिनीला स्पर्श करणारी भूमिस्पर्श मुद्रा दिसली की बौद्ध मूर्तीकडेच बोट जाते. पण अशा अपवादांवरून सगळ्या मुद्रांचा तक्ता तयार करून पर्यटन पुस्तिकेत छापायचा आणि वाचकाला वाटावे की देव ओळखणे म्हणजे वाहतुकीच्या खुणा ओळखण्याइतके सोपे आहे, ही सवय सोडायला हवी.

मग बुद्ध आणि पार्श्वनाथ दोघेही ध्यानात बसलेले असतील तर?

तर हात मदत करत नाहीत, कारण ते दोघांचे सारखेच असतात. अशा वेळी वस्त्राची कड शोधावी लागते. बुद्धांचे चीवर कधी कधी इतके पातळ दाखवतात की अंग उघडे वाटते. पण गळ्याशी, डाव्या खांद्यावर, मनगटाशी किंवा घोट्याशी एक बारीक उमटलेली रेषा असते. ती सापडली की प्रश्न बहुतेक सुटतो. तीर्थंकरांच्या छातीवर श्रीवत्साचे चिन्ह असू शकते. मात्र उत्तरेकडे ते नेहमीचे, दख्खनमध्ये अनेकदा नसतेच. त्यामुळे ‘श्रीवत्स नाही, म्हणून बुद्ध’ असा उलटा निष्कर्ष काढू नये. नागाकडेही पाहावे. मुचलिंदाच्या वेटोळ्यावर बुद्ध बसलेले असतात. पार्श्वनाथांचा नाग बहुधा पाठीमागून वर चढतो.

वस्त्राच्या या रेषेला केवढे वजन असते, हे वाशिम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या वादाने दाखवले. मूर्ती पार्श्वनाथांची आहे, हे दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य. वाद होता तो मूर्तीवरील लेपात कटिसूत्र आणि कछोटा असावा की नसावा यावर. तो वाद १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि नंतरही न्यायालयात चालत राहिला. कमरेवरच्या बोटभर खुणेने शंभर वर्षे दोन समाजांचे वकील गुंतवून ठेवले.

हात तुटलेला असेल तर?

जिल्ह्यातले नेमके चित्र डोळ्यांसमोर आणू. समजा, एखाद्या मामा तलावाचा गाळ काढताना अडीच फुटांची उभी मूर्ती निघाली. डोक्यावर सात फणे आहेत, चेहरा झिजलेला आहे आणि दोन्ही हात कोपरापासून गेलेले आहेत. दुसऱ्या दिवशी तिला शेंदूर लागतो, ती नागोबा होते आणि पाराखाली बसते. आता तिचे हात वाचायचे कसे?

दगडात हात मोकळा कोरला तर तो सहज तुटतो. म्हणून शिल्पकार हात आणि शरीर यांच्यामध्ये दगडाचा छोटासा टेकू ठेवत असे. हात गेला तरी टेकू तुटल्याची खरबरीत जागा राहते. ती जागा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दोन्हीकडे सारख्या उंचीवर असेल तर हात सरळ खाली सोडलेले होते. कायोत्सर्ग, आणि म्हणून पार्श्वनाथ. छातीजवळ किंवा उजव्या खांद्यापुढे असेल तर हात उचललेला होता, आणि तीर्थंकर बाद. डोक्याच्या बाजूला फण्याशी असेल तर हात थेट वर नेलेला होता. ही ढब नागराजाची किंवा बलरामाची. खांद्यामागून आणखी हात फुटल्याची खूण असेल तर चतुर्भुज देवता, मग विष्णूच्या कुळात शोध घ्यायचा.

पुढे कंबर पाहावी. पार्श्वनाथांच्या शरीराचा उभा मध्य दोरी लावल्यासारखा सरळ असतो. नागराज आणि बलराम पुष्कळदा एका पायावर भार देऊन, कमरेत किंचित वळून उभे असतात. अंगावर वनमाला, कानात कुंडल, डोक्यावर मुकुट असेल तर तीर्थंकर पुन्हा बाद. नांगर किंवा मुसळ यांचा तुकडा जरी उरला असेल तरी बलराम.

इथे पद्धतीची मर्यादाही येते. मथुरा संग्रहालयातील छारगावचा नाग उजवा हात डोक्यावर उचलून उभा आहे आणि मथुरेकडचे प्रारंभीचे बलरामही तसेच उभे असतात. दुसऱ्या हातात दोघांनाही पेला शोभतो. नांगर-मुसळ नसेल, पीठावर लेख नसेल, तर ‘नागराज किंवा बलराम’ एवढेच लिहून थांबावे लागते. पुष्कळांना हे थांबणे कमीपणाचे वाटते आणि मग एक नाव ठोकून दिले जाते.

नाव चुकले तर बिघडते कुठे?

श्रद्धेच्या बाजूने फारसे नाही. नागोबा म्हणून पुजलेली मूर्ती पुजणाऱ्याची असते आणि ती शेंदूर खरवडून ‘खरी’ करण्याचा अधिकार कोणालाही नाही. छिन्नी किंवा ॲसिड लावले तर टेकूची ती खरबरीत जागाच आधी नाहीशी होते. अंधार पडल्यावर विजेरी एका बाजूने, जवळजवळ दगडाला समांतर धरली तरी बऱ्याच रेषा सावलीत उठून दिसतात.

बिघडते ते कागदावर. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. पहिल्या पंचनाम्यात ‘नागदेवतेची मूर्ती’ एवढेच लिहिले गेले तर पुढे तेच नाव चिकटते. मूर्ती चोरीला गेली तर त्या दोन शब्दांवरून ती परत ओळखता येत नाही, आणि सापडलेली पार्श्वनाथांची मूर्ती आपली, हे सिद्ध करायला कागद उरत नाही. दोन समाजांनी हक्क सांगितला तर पहिला पुरावा म्हणून तोच चुकलेला शब्द पुढे येतो.

म्हणून पंचनाम्यात नावापेक्षा वर्णन हवे. ‘उभी, उंची अमुक, फणे सात, दोन्ही हात कोपरापासून तुटलेले, मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला तुटल्याच्या खुणा, वस्त्राची रेषा दिसत नाही, पीठावर चिन्ह झिजलेले’ एवढे लिहायला मूर्तीशास्त्राची पदवी लागत नाही. तलाठी किंवा पोलीस पाटील ते पाच मिनिटांत लिहू शकतो. नाव नंतर जाणकार ठरवतील आणि चुकले तरी वर्णनावरून दुरुस्त करता येईल.

फोटो घेताना एक गोष्ट मात्र नेहमी राहते, ती म्हणजे पाठ. उभ्या पार्श्वनाथांच्या काही मूर्तींत नागाची वेटोळी पाठीमागे पावलांपर्यंत उतरलेली असतात आणि समोरून त्यांची फक्त कड दिसते. मूर्ती पाराच्या भिंतीला टेकवून सिमेंटने बसवली की ती बाजू कायमची झाकली जाते. तिचा फोटो घ्यायचा तो मूर्ती गाळातून निघाली त्याच दिवशी.