टेंडरमधली एक अट, अर्थ दोन: ठेकेदार पात्र की अपात्र?

समजा, बारामती-इंदापूर भागातल्या 10 कोटींच्या रस्त्याच्या निविदेत अट आहे: ‘मागील 3 वर्षांत 3 कोटींची उलाढाल आणि तत्सम कामाचा अनुभव आवश्यक.’ एका ठेकेदाराची उलाढाल अनुक्रमे 1, 2 आणि 3 कोटी आहे. बेरीज धरली तर तो पात्र, सरासरी काढली तर 2 कोटी, म्हणजे अपात्र. ‘तत्सम’चंही तेच. पूल बांधलेला चालेल का?

असा वाद नागपूर मेट्रोच्या निविदेत झाला होता. शहरांना जोडणाऱ्या रेल्वेचं काम मेट्रोचा अनुभव म्हणून धरायचं का, हा प्रश्न होता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निविदेचा अर्थ ती लिहिणारी संस्थाच उत्तम लावू शकते. तो अर्थ मनमानी किंवा दुष्ट हेतूने लावलेला नसेल, तर न्यायालय सहसा मध्ये पडत नाही. म्हणजे संदिग्ध अटीचा फटका बहुधा बोलीदारालाच बसतो.

मग अट कशी हवी? केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या सूचनांचं प्रमाण धरलं, तर अशी:

‘मागील आर्थिक वर्षाच्या 31 मार्चला संपणाऱ्या 3 वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमान 3 कोटी. निविदेच्या आधीच्या महिनाअखेरपर्यंतच्या 7 वर्षांत पूर्ण केलेली डांबरी रस्त्याची कामे: प्रत्येकी किमान 4 कोटींची 3, किंवा 5 कोटींची 2, किंवा 8 कोटींचे 1.’

आता छोट्या कामांची बेरीज चालत नाही, अर्धवट काम मोजलं जात नाही. तरीही शंका उरली, तर बोलीपूर्व बैठकीत लेखी विचारावी. उत्तर शुद्धिपत्रकात आलं, तरच ते सगळ्यांना सारखं लागू होतं.