फोडणीतला गहू

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

सीलिॲक म्हणजे काय, हे आपल्या कार्यालयाला नव्याने सांगायला नको. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावे, ही मर्यादा आपणच घालून दिली आहे. ती मर्यादा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या स्वयंपाकघरांपर्यंत का पोचत नाही, एवढेच विचारायचे आहे.

या आजाराला औषध नाही. गहू आणि बार्ली जन्मभर बंद, हाच उपचार. रुग्ण पोळी सोडतो, पाव सोडतो, बिस्किटे सोडतो. वर्षभराने रक्ततपासणी होते आणि टीटीजी प्रतिपिंडे अजून चढलेलीच निघतात. डॉक्टर म्हणतात, कुठून तरी गहू पोटात जातोय. घरचे शपथेवर सांगतात, नाही जात. पोट दुखत नसले तरी आतड्याचे अस्तर झिजत राहते आणि लहान मुलांची उंची खुंटते.

हा गहू पुष्कळदा हिंगाच्या डबीत असतो. हिंगाचा मूळ चीक फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळून बांधतात. आपल्या मानकांतच बांधणी हिंगात धान्याचे पीठ चालते, आणि ते बहुतेक वेळा मैदाच असते. चौघांच्या आमटीला पाव चमचा, म्हणजे सुमारे 600 मिलिग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मे पीठ धरले, तर 300 मिलिग्रॅम मैदा झाला. मैद्याचा साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन, म्हणजे 30 मिलिग्रॅम. माणशी सात-आठ. दोन्ही वेळच्या जेवणात आमटी आणि भाजी धरली की चार फोडण्यांचे 30 मिलिग्रॅम एकट्याच्या पोटात गेले. रोज 10 मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसते, असे मानतात. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झाल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात दिसले. इथे पापड, लोणचे, गोडा मसाला अजून मोजलेलाच नाही.

हिंगाच्या डबीवर घटकांच्या बारीक अक्षरांत पिठाचा उल्लेख सापडतो. तोच हिंग घातलेले सुटे पापड, सुटा मसाला, गाडीवरचा बटाटावडा यांवर मात्र कसलेच लेबल नसते. चायनीजच्या गाडीवरचा ग्राहक तांदळाच्या नूडल्स मागून निर्धास्त होतो, पण वर पडणारा सोया सॉस बऱ्याचदा गव्हासह आंबवलेला असतो.

पिठाचेही तेच. पाच किलो ज्वारीच्या पिठात आपल्या मर्यादेनुसार 100 मिलिग्रॅम ग्लूटेन चालते. तेवढे ग्लूटेन जेमतेम एक ग्रॅम गव्हाच्या पिठातून येते. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर जात्याच्या पाळीत आणि पिठाच्या कापडी नळीत त्याच्या कितीतरी पट पीठ अडकलेले असते. म्हणून ज्वारी कितीही निवडून नेली तरी उपयोग नाही. घरघंटी घेणे ज्याला परवडते, तो सुटतो.

आता डोंबिवलीचे पोळी-भाजी केंद्र बघा. संध्याकाळी गाडीतून उतरलेली माणसे तिथे रांगेत असतात. काचेवर ‘तांदळाची भाकरी’ लिहिलेले असते. आत पोळ्या आणि भाकऱ्या एकाच ओट्यावर होतात, तवा तोच, उलथणे तेच, आणि पोळी लाटणाऱ्या हातांनीच भाकरी थापली जाते. साबुदाणावडा समोशाच्याच तेलात उतरतो. तापवल्याने ग्लूटेन मरत नाही. ते जंतू नव्हे. ‘यात गहू आहे का?’ असे विचारले की काउंटरवरची बाई मनापासून ‘नाही’ म्हणते. ती खोटे बोलत नाही. तिला हे कुणी शिकवलेलेच नाही.

हॉटेलांनी पदार्थांतल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी, असा नियम आपण केलात. पण तो केंद्रीय परवानाधारकांना आणि दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असणाऱ्यांना! मोठ्या साखळीच्या पिझ्झाच्या दुकानात गव्हाची माहिती मिळणार, जिथे सीलिॲकचा रुग्ण जातच नाही. रोजचा डबा जिथून येतो, त्या एका गाळ्याच्या केंद्राला आपला नियम विचारतही नाही. नियम करताना रुग्ण कुठे जेवतो, हे पाहिलेच गेले नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

मागण्या मोजक्याच आहेत. तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंग बाजारात मिळतो. तेव्हा मैद्याच्या हिंगाच्या डबीवर पुढच्या बाजूला, ठळक मराठीत ‘गहू आहे’ असे छापायला लावा. सुटे पापड, मसाले विकणाऱ्यांना आणि पोळी-भाजी केंद्रांना तेवढ्याच दोन शब्दांची पाटी सक्तीची करा. आपल्या प्रशिक्षणात वेगळा तवा, वेगळे तेल आणि वेगळी परात यांचा धडा मराठीत शिकवा. आणि हे कोणत्या तारखेपासून लागू होणार, ते लेखी कळवा.