फोन साधा आहे, गुन्हेगार नाही

गेल्या संक्रांतीला बार्शीजवळ बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने आईचा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर आमचाच गेम चालू होता. ज्वारीचं शेत, मचाणावर बसलेला राखणदार, हातात गोफण, समोरून येणारे पाखरांचे थवे. बोट दाबून ठेवलं की शक्तीची पट्टी वरखाली होते, ती हिरव्या भागात असताना बोट सोडायचं, की दगड नेमका बसतो. भाच्याचा दर तिसरा दगड चुकत होता. "मामा, मला हे जमतच नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

मी खेळून पाहिलं. मलाही जमेना, आणि हा गेम लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे.

ऑफिसात परतल्यावर हे सांगितलं तेव्हा जे उत्तर मिळालं, त्याच्याविरुद्ध हा लेख आहे. उत्तर होतं, "फोन कुठला? तीन जीबी रॅमचा? मग काय अपेक्षा करणार!" आमच्या धंद्यात हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की त्यात काही खोटं असेल अशी शंकासुद्धा येत नाही. जोडीला पुरावाही होता. आमच्या तक्त्यात त्या जातीच्या फोनवर गेम सरासरी ५४ एफपीएसने, म्हणजे सेकंदाला ५४ चित्रांनी, चालत होता. ६० पैकी ५४ म्हणजे वाईट काय?

वाईट हे की सरासरी चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली तर ती १७ व्या मिलिसेकंदाला दिसत नाही. तिला पुढच्या ठोक्याची वाट पाहावी लागते आणि ती ३३ व्याला दिसते. दहा सेकंदांत ६०० ऐवजी ५४० फ्रेम्स झाल्या, एवढंच सरासरी सांगते. हरवलेल्या साठ फ्रेम्स विखुरलेल्या होत्या की नेमक्या थवा उठला तेव्हा एकत्र गेल्या, ते ती सांगत नाही. आमच्याकडे त्या थव्याबरोबर जात होत्या. त्या वेळी एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घ्यायची. आमची पट्टी तळापासून टोकापर्यंत ८०० मिलिसेकंदांत जाते आणि हिरवा भाग तिचा आठवा हिस्सा, म्हणजे १०० मिलिसेकंद. बोट उचललेलं युनिटीला पुढची फ्रेम सुरू होतानाच कळतं. तेव्हा मुलगा वेळेवर बोट सोडतो आणि आम्ही ते पट्टी हिरव्याबाहेर गेल्यावर नोंदवतो. चूक आमची, पण "मला जमत नाही" असं म्हणणार तो.

आता माझंही पाप सांगतो. मी आधी दोन दिवस अंदाजावर घालवले. चित्रांचे आकार निम्मे केले, सावल्या काढल्या, मागचं धुकं काढलं. शेत भकास दिसू लागलं, अडखळणं मात्र तसंच राहिलं. शेवटी जी चाचणी पहिल्या तासात करायला हवी होती ती केली. गेम निम्म्या रिझोल्यूशनवर चालवला. रंग भरण्याचं काम जीपीयू करतो. त्याच्यावर ताण असता तर पिक्सेल इतके कमी झाल्यावर फ्रेमचा वेळ उतरायला हवा होता. तो हलला नाही. म्हणजे अडचण सीपीयूकडे होती, आणि मी दोन दिवस निर्दोष माणसाची झडती घेत होतो.

मग सरळ मार्ग धरला. Development Build आणि Autoconnect Profiler या दोन्ही खुणा करून गेम त्याच जातीच्या फोनवर टाकला, केबलने संगणकाला जोडला आणि प्रोफायलर उघडला. हे फोनवरच करायचं, संगणकावरच्या एडिटरमध्ये नाही. एडिटर स्वतःचं ओझं त्यात मिसळतो आणि संगणकाचा प्रोसेसर बाकीचं सगळं झाकून टाकतो. थवा उठला, आलेखात सुळका आला, त्यावर क्लिक केलं. ८० मिलिसेकंदांचा हिशोब समोर होता. साधारण ४५ `GC.Collect`, १५ `Instantiate`, आणि उरलेले वीस-बावीस रोजचं काम.

`GC.Collect` म्हणजे मेमरीतला कचरा उचलणं. दोष उचलणाऱ्याचा नव्हता, कचरा आम्ही करत होतो. प्रोफायलरमध्ये `GC Alloc` नावाचा रकाना असतो. कोणती ओळ किती नवी मेमरी मागते ते तो दाखवतो. माझी खात्री होती की दगड आणि पाखरं तयार करणं-मोडणं हाच मोठा वाटा असणार. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त कचरा दोन क्षुल्लक ओळींचा होता. एक ओळ गुण बदलले असोत वा नसोत, प्रत्येक फ्रेमला गुणांची नवी स्ट्रिंग जुळवत होती. दुसरी प्रत्येक फ्रेमला `FindGameObjectsWithTag` विचारून पाखरांची नवीकोरी यादी मागवत होती. पहिली गुण बदलल्यावरच चालेल असं केलं. दुसरीऐवजी एकच यादी ठेवून तीत पाखरं घालू-काढू लागलो. अर्ध्या तासाचं काम.

कोणी म्हणेल, इन्क्रिमेंटल जीसी चालू करा, कचरा हप्त्याहप्त्याने उचलला जाईल. आमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये तो बंद होता. चालू करून पाहिला. सुळके बुटके झाले, पण गर्दीच्या फ्रेम्स आधीच मर्यादेबाहेर होत्या, त्यांत हप्ता भरायला वेळच शिल्लक नव्हता. कचरा कमी करण्याला पर्याय नाही.

उरलेला वाटा दगडांचा आणि पाखरांचा. बारा पाखरं एका फ्रेममध्ये जन्माला घालायची आणि मेली की फेकून द्यायची, हा उधळेपणा होता. उपाय ऑब्जेक्ट पूल. राखणदार कमरेला दगडांचा बटवा बांधतो, तसाच हा. फरक इतकाच की मारलेला दगड परत बटव्यात येतो.

```csharp
pool = new ObjectPool<Stone>(
    () => Instantiate(prefab),
    s => s.gameObject.SetActive(true),
    s => s.gameObject.SetActive(false),
    s => Destroy(s.gameObject),
    true, 24, 64);
```

यातल्या २४ या आकड्याने पुष्कळ जण फसतात, मीही फसलो. त्याने चोवीस दगड तयार होत नाहीत, चोवीस मावतील एवढी जागा धरली जाते. दगड पहिल्या `Get` च्या वेळीच बनतो, म्हणजे पहिला थवा पुन्हा अडखळतो. म्हणून गेम लोड होताना चोवीस दगड मागून घ्यायचे आणि मग सगळे परत करायचे.

पूल फुकट मिळत नाही, हे त्याचे भक्त सांगत नाहीत. नवी वस्तू कोरी असते, वापरलेली जुन्या आठवणी घेऊन येते. आमचे दगड जुना वेग घेऊन बाहेर पडू लागले. दगडामागची शेपूट मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत पडदाभर रेघ ओढू लागली, तिला `TrailRenderer.Clear()` करावं लागलं. सगळ्यात चिवट चूक वेळेची होती. फेकलेला दगड तीन सेकंदांनी नाहीसा व्हावा म्हणून `Invoke` लावला होता. दगड आधीच पाखराला लागून बटव्यात परतला, तरी तो गजर चालूच राहतो, कारण वस्तू निष्क्रिय केल्याने `Invoke` थांबत नाही. मग तोच दगड पुन्हा फेकला जाई आणि जुना गजर त्याला हवेतूनच उचलून नेई. परत करताना `CancelInvoke()` लिहिलं तेव्हा हे थांबलं. म्हणून सरसकट सगळ्याचा पूल करा म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. राखणदार एकच आहे, त्याचा पूल कशाला?

सुळके गेले, तरी गर्दीची फ्रेम २२ मिलिसेकंदांच्या आसपास होती आणि त्यातले ११ चित्र काढायच्या तयारीत जात होते. फ्रेम डीबगर उघडला. तो फ्रेम एकेका ड्रॉ कॉलने रंगत जाताना दाखवतो. ड्रॉ कॉल म्हणजे सीपीयूने जीपीयूला दिलेला "हे काढ" असा हुकूम. आम्ही एका फ्रेमला सुमारे १९० हुकूम देत होतो. ताटांची चित्रं एका फाइलीत, पाखरांची दुसऱ्या, आणि खोलीनुसार क्रम लावला की ताट, पाखरू, ताट, पाखरू. टेक्स्चर बदललं की नवा हुकूम. सगळी चित्रं २०४८ बाय २०४८ च्या एकाच स्प्राइट अॅटलसमध्ये बसवली, तेव्हा शेजारशेजारची ताटं-पाखरं एकाच हुकमात जाऊ लागली. तरी काही पाखरं वेगळी निघत. ती सगळी एकदा मार खाल्लेली होती. लाल चमकण्यासाठी आम्ही `renderer.material.color` बदलत होतो, आणि `.material` ला हात लावला की त्या पाखरासाठी मटेरियलची स्वतंत्र प्रत बनते. पुलामुळे ते पाखरू मरतही नव्हतं, तेव्हा ती प्रत त्याला चिकटूनच राही. स्प्राइटचा स्वतःचा `color` वापरला आणि हुकूम २८ वर आले. तयारीचे ११ मिलिसेकंद ४ झाले, गर्दीची फ्रेम १५ वर आली.

याचीही मर्यादा सांगतो. पंधरा मिनिटं खेळल्यावर फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि तेच काम पुन्हा १६ च्या पलीकडे जाऊ लागतं. त्यामुळे अशा फोनांवर आम्ही गेम ३० वर बांधून ठेवला. एकसारखे ३० हे मधूनच ठेचकाळणाऱ्या ६० पेक्षा चांगले, कारण हात लयीवर बसतो. हिरवा भागही त्या हिशोबाने थोडा रुंद केला.

आता "फोन साधा आहे" वाल्यांकडे परत येतो. त्यांचं दुसरं हत्यार डोनल्ड क्नूथचं, अकाली ऑप्टिमायझेशन वाईट हे वचन. १९७४ च्या त्या लेखात त्याला लागूनच क्नूथ असंही म्हणतो की कळीच्या तीन टक्क्यांतली संधी सोडू नये, आणि ते टक्के मोजून सापडतात, अंदाजाने नव्हे. अर्धं वचन सांगून आळस झाकता येत नाही. तिसरं हत्यार, असे लोक पैसे देत नाहीत. नसतील देत. पण आम्ही गेम त्यांच्या फोनवर चालतो असं सांगूनच तो त्यांना दिलाय. तो चालत नसेल तर तसं सांगावं, मुलाला त्याचा नेम चुकतो असं खोटं सांगू नये.

आमच्या यादीत नव्या फोनची किंमत कुठेच आली नाही. दोन आळशी ओळी, एक बटवा, एक अॅटलस आणि एक चुकीचा रंग, एवढंच होतं. तो तीन जीबीचा फोन आता माझ्या टेबलावर कायमचा असतो आणि नवं काहीही आधी त्यावर चालतं.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला होता. म्हणाला, "मामा, तुम्ही गेम सोपा केलात काय?" मी म्हटलं, "नाही रे. आधी आम्ही तो चुकून अवघड केला होता."